गर्भनाळेचा कंठवेढा : सोनोग्राफीच्या अहवालातील एक ओळ आणि वैद्याची जबाबदारी

पालघर, बोईसर आणि तारापूर परिसरात व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधु-भगिनींना एक अनुभव वारंवार येत असतो. आठवा किंवा नववा महिना लागलेली गर्भिणी सोनोग्राफीचा अहवाल घेऊन येते. सोबत सासू किंवा आई असते आणि पती कारखान्यातील पाळी सोडून आलेला असतो. अहवालात बाळाचे वजन, गर्भजल, वारेची जागा सारे काही यथास्थित असते. मात्र शेवटी एक ओळ असते, ‘सिंगल लूप ऑफ कॉर्ड अराउंड नेक’. घरच्यांनी त्या ओळीचा अर्थ आपल्या परीने लावलेला असतो : बाळाच्या गळ्याला फास बसला आहे. पुढचे प्रश्नही ठरलेले असतात. वेढा सोडविण्याचे काही औषध आहे का? तेल चोळून तो सुटेल का? की आजच सिझेरियन करून घ्यावे?

हेच प्रश्न औषधाच्या दुकानाच्या गल्ल्यावरही विचारले जातात. म्हणून प्रस्तुत लेख वैद्यांबरोबरच औषधविक्रेत्यांसाठीही आहे. कंठवेढा बहुतेक वेळा भयावह का नसतो, तो कोणत्या परिस्थितीत गांभीर्याने घ्यावा आणि आपल्या हातून काय घडावे व काय घडू नये, एवढाच त्याचा विषय आहे.

गर्भ गळ्याने श्वास घेत नाही

लोकांच्या भीतीचे मूळ एका समजुतीत आहे. जन्मलेल्या माणसाच्या गळ्याभोवती दोरी आवळली तर श्वासनलिका दबते आणि प्राण जातो. गर्भाचेही तसेच होईल असे लोकांना वाटते. परंतु गर्भाशयात श्वासनलिकेचे कार्य सुरूच झालेले नसते. फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. प्राणवायू येतो तो मातेच्या रक्तातून वारेत, वारेतून नाळेतील नीलेच्या वाटे गर्भाच्या नाभीत. नाळेच्या दोन रोहिणी गर्भाचे वापरलेले रक्त परत वारेकडे नेतात.

आपल्या संहितांना हे तत्त्व अपरिचित नाही. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात गर्भाच्या नाभिनाडीचा संबंध मातेच्या रसवह नाडीशी सांगितला आहे, आणि मातेच्या आहाररसाचे वीर्य त्या मार्गाने गर्भाला पोहोचते असे म्हटले आहे. गर्भ गर्भाशयात रडत का नाही, याचे कारण देताना त्यांनी जरायूने झाकलेले मुख, कफाने वेढलेला कंठ आणि वायूचा रुद्ध मार्ग यांचा उल्लेख केला आहे. गर्भाचे श्वासोच्छ्वास मातेच्या श्वासोच्छ्वासावर अवलंबून असतात, असेही ते सांगतात. म्हणजे ‘गळा दाबला तर बाळ गुदमरेल’ ही भीती आधुनिक शारीरशास्त्राप्रमाणेच आपल्या शास्त्रालाही धरून नाही.

मग कंठवेढ्यात धोका मुळीच नाही का? धोका असू शकतो, पण तो गळ्याला नसून नाळेला असतो. नाळ दाबली गेली, ताणली गेली, तर तिच्यातील रक्तप्रवाह मंदावतो. म्हणून गर्भिणीच्या घरच्यांना सांगताना ‘फास’ हा शब्द आपल्या तोंडून कदापि जाऊ नये. प्रश्न विचारायचा तो असा : नाळेतून रक्त नीट वाहते आहे का? या एका प्रश्नाने सारा विचार योग्य मार्गावर येतो, कारण त्याचे उत्तर मिळविण्याची साधने आपल्याजवळ आहेत.

नाळ सहसा दबत का नाही

पूर्ण दिवसांच्या गर्भाची नाळ साधारणतः ५० ते ६० सेंटीमीटर लांब असते. नवजात बालकाच्या मानेचा घेर अंदाजे २० सेंटीमीटर धरला, तर एका वेढ्यात तेवढी नाळ खर्ची पडते आणि ३० ते ४० सेंटीमीटर शिल्लक राहते. शिवाय ज्यांची नाळ मुळात लांब असते त्यांच्यातच वेढे अधिक आढळतात. त्यामुळे वेढा आहे म्हणजे नाळ अपुरी पडली, असे समजण्याचे कारण नाही.

दुसरे असे की नाळ ही उघडी रक्तवाहिनी नव्हे. तिच्या तिन्ही वाहिन्या ‘व्हार्टन जेली’ नावाच्या लवचीक, बुळबुळीत पदार्थात गुंडाळलेल्या असतात. रोहिण्या नीलेभोवती पिळदार फिरलेल्या असतात. या रचनेमुळे नाळ वळली, वाकली तरी वाहिन्या सहजासहजी मिटत नाहीत. भोवती गर्भजल भरपूर असेल तर दाब आणखी विभागला जातो. गर्भजल कमी झाले की हे संरक्षण घटते, हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

घरच्यांचा तिसरा प्रश्न नेहमी असा असतो : कळा सुरू झाल्यावर बाळ खाली सरकेल, तेव्हा नाळ आवळली जाणार नाही का? येथे प्रसूतीची गती नीट समजून घ्यावी. कळांबरोबर बाळ खाली येते तेव्हा गर्भाशयाचा वरचा भागही आकुंचित होऊन त्याच्या मागोमाग खाली येतो, आणि त्याला चिकटलेली वारही त्याच्यासह येते. त्यामुळे बाळाची मान आणि वार यांतील अंतर लोकांना वाटते तेवढे वाढत नाही. ताण येतो तो मुख्यत्वे दुसऱ्या अवस्थेच्या अखेरीस, डोके बाहेर पडून खांदे बाहेर येण्याच्या सुमारास. हा काळ मिनिटांचा असतो, आणि प्रसूती करविणाऱ्या हातांना तो हाताळता येतो.

किती बाळांत आढळतो

जन्माच्या वेळी सर्वसाधारणपणे चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती नाळेचा किमान एक वेढा असतो. निरनिराळ्या पाहण्यांत हे प्रमाण कमीअधिक आले आहे, पण ही अवस्था दुर्मिळ नाही याविषयी मतभेद नाही. त्यांतील बहुसंख्य वेढे एकेरी आणि सैल असतात. दुहेरी वेढे पुष्कळ कमी, आणि तीन किंवा अधिक वेढे त्याहून विरळ.

गर्भाच्या वयाबरोबर हे प्रमाण वाढत जाते. सहाव्या महिन्यात ते कमी असते, पूर्ण दिवसांना सर्वाधिक असते. मात्र याचा अर्थ एकदा पडलेला वेढा कायम राहतो, असा नव्हे. गर्भ फिरतो, हात-पाय हलवतो, त्या हालचालीत वेढा पडतो आणि सुटतोही. सातव्या महिन्यातील अहवालात दिसलेला वेढा नवव्या महिन्यात नसतो, आणि तेव्हा नसलेला प्रसूतीच्या वेळी आढळतो. घरच्यांच्या मनावरचे ओझे उतरविण्यास ही एकच गोष्ट पुष्कळदा पुरेशी होते.

अहवालातील ओळ किती विश्वासार्ह

सोनोग्राफीत दिसते ते एका पातळीतील छेदाचे चित्र. नाळेचा एक पदर मानेच्या बाजूला नुसता टेकलेला असला तरी एखाद्या छेदात तो वेढ्यासारखा भासतो. म्हणून काळजीपूर्वक तपासणारा तज्ज्ञ मानेचा आडवा आणि उभा, असे दोन्ही छेद पाहतो आणि कलर डॉप्लरने रक्तप्रवाह दाखवून खात्री करतो. साध्या करड्या चित्रात मानेमागच्या त्वचेवर नाळेच्या दाबाने पडलेली खाच दिसते, तीही एक खूण आहे. कलर डॉप्लरमुळे अचूकता वाढते, तरी काही वेढे निसटतात आणि काही नसलेले वेढे दिसतात. बाळाचे डोके ओटीपोटात खोल उतरले असेल, तर मान पाहणेच अवघड होते.

याहून महत्त्वाचे म्हणजे वेढा सैल आहे की घट्ट, हे सोनोग्राफीतून खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच केवळ वेढा दिसला या एका कारणावरून सिझेरियन करावे असे प्रसूतिशास्त्र सांगत नाही, आणि तो सुटला का हे पाहण्यासाठी दर आठवड्याला सोनोग्राफी करीत राहण्यातही अर्थ नाही. वाढ, गर्भजल, वारेचे स्थान किंवा अन्य कारणासाठी फेरतपासणी आवश्यक असेल, तर ती त्या कारणासाठी करावी.

चरकसंहितेतील उल्लेख

कंठवेढा ही सोनोग्राफीच्या युगाने शोधलेली गोष्ट नव्हे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, जातिसूत्रीय या आठव्या अध्यायात, गर्भाला उपघात करणाऱ्या भावांची यादी आली आहे. तेथे सतत उताणी झोपणाऱ्या गर्भिणीच्या गर्भाच्या कंठाभोवती नाभीची नाडी वेढली जाते, असे स्पष्ट म्हटले आहे. प्रसूतीच्या वेळी बाळाच्या गळ्यातील नाळ पाहिलेल्या माणसाचेच हे निरीक्षण असणार. विशेष असे की त्याच यादीत अन्य कारणांपुढे उन्माद, अपस्मार असे परिणाम सांगितले आहेत. येथे मात्र नाडी वेढली जाते एवढेच सांगून आचार्य थांबतात.

आज या वचनाचा उपयोग आपण कसा करावा? आई उताणी झोपली म्हणून वेढा पडतो, या कार्यकारणास आधुनिक निरीक्षणांचा पुरावा मिळालेला नाही. लांब नाळ, मोकळे गर्भजल आणि गर्भाची स्वतःची हालचाल, ही कारणे अधिक सयुक्तिक ठरली आहेत. तथापि उताणे झोपू नये हा उपदेश वेगळ्या कारणाने खरा ठरला आहे. गर्भिणी उताणी झोपली असता वाढलेले गर्भाशय पाठीच्या कण्यालगतच्या महानीलेवर दाब देते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि वारेला होणारा पुरवठाही कमी होतो. सातव्या महिन्यानंतर उताणे झोपी जाणे आणि गर्भमृत्यू यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला. ब्रिटनमधील ‘नाइस’ संस्थेच्या २०२१ सालच्या मार्गदर्शक सूचनांत २८ आठवड्यांनंतर उताणे झोपी जाणे टाळण्याचा सल्ला समाविष्ट आहे. कुशीवर झोपण्याचा आपला सल्ला कायम ठेवावा, पण वेढ्याची हकीकत सांगताना ‘तू उताणी झोपलीस म्हणून असे झाले’, असे गर्भिणीला ऐकविण्याचे साधन म्हणून त्याचा वापर होऊ देऊ नये.

हे सांगावे लागते कारण घरोघरी दोष मातेलाच दिला जातो. हात वर करून कपडे वाळत घातले, दोरी ओलांडली, अशा कारणांनी नाळ गळ्यात अडकते असे आपल्या गावांत सांगतात. मासळीची पाटी उचलणारी सातपाटी-मुरब्याकडची कोळीण असो, वीटभट्टीवर गेलेली जव्हार-विक्रमगडची आदिवासी स्त्री असो, की कारखान्यात पॅकिंग करणारी बोईसरची कामगार स्त्री असो, हात वर न करता तिचा दिवस जात नाही. हाताच्या हालचालीचा नाळेशी काही संबंध नाही. नाळ तिच्या गर्भाशयातील वारेला जोडलेली असते, हाताला नव्हे.

एक प्रातिनिधिक प्रसंग

आता आपल्या भागातील नेहमीचा प्रसंग घेऊन क्रमाने विचार करू. बोईसरमध्ये भाड्याच्या खोलीत राहणारी, तारापूर औद्योगिक वसाहतीतील कामगाराची पत्नी. वय २२, पहिले गर्भारपण, ३६ आठवडे पूर्ण. अहवालात डोके खाली, बाळाचे अंदाजे वजन २.६ किलो, गर्भजलाचा निर्देशांक ११, वार वरच्या भागात, नाळेच्या रोहिणीचा डॉप्लर यथास्थित आणि शेवटी एकेरी वेढा. सासूबाईंचे म्हणणे, आजच मुंबईला नेऊन ऑपरेशन करावे. आईचे म्हणणे, माहेरी मोखाड्याला न्यावे आणि सुईणीकडून पोट चोळून घ्यावे.

प्रथम अहवाल संपूर्ण वाचावा, केवळ शेवटची ओळ नव्हे. या अहवालात बाळाची वाढ दिवसांच्या मानाने आहे, गर्भजल ५ ते २५ या मर्यादेत आहे आणि डॉप्लर चांगला आहे. ‘नाळेतून रक्त नीट वाहते आहे का’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर या तीन गोष्टी मिळून देतात. नाळ बराच काळ दबलेली असती, तर त्याची छाया येथे कोठे तरी पडली असती.

दुसरे, हालचाल विचारावी. ती कशी विचारावी यालाही महत्त्व आहे. ‘बाळ फिरते ना?’ असे विचारले की सासूबाईच ‘हो’ म्हणतात. गर्भिणीलाच विचारावे : काल आणि आज बाळ नेहमीसारखेच फिरते आहे का? नेहमी रात्री जेवल्यावर फिरत होते, ते आताही फिरते का? प्रत्येक बाळाची हालचालीची आपली रीत असते. आकड्यापेक्षा त्या रीतीत झालेला बदल महत्त्वाचा. शंका वाटल्यास डाव्या कुशीवर शांत पडून लक्ष द्यावे. दोन तासांत दहा हालचालीही जाणवल्या नाहीत, तर घरी थांबू नये.

तिसरे, ठोके ऐकावे. मिनिटाला ११० ते १६० ही सामान्य मर्यादा. ते मर्यादेत असतील आणि हालचाल नेहमीसारखी असेल, तर त्या दिवशी आणखी काही करण्याची गरज नाही. शंका असेल तर प्रसूतितज्ज्ञाकडे ‘नॉन स्ट्रेस टेस्ट’ करवून घ्यावी. पोटावर पट्टा लावून ठोके व हालचाल नोंदविणारी ही वेदनारहित तपासणी आहे. ३२ आठवड्यांनंतर, वीस मिनिटांत किमान दोनदा ठोक्यांची गती १५ ने वाढून १५ सेकंद टिकली, तर ती समाधानकारक मानतात.

चौथे, घरच्यांना समजावून सांगावे. सासूबाईंना सांगावे : “आई, चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती नाळ असतेच. बाळ पोटात गळ्याने श्वास घेत नाही, नाळेतूनच त्याला सारे मिळते. ती नाळ चांगली चालू आहे, हे याच कागदावर लिहिले आहे.” गर्भिणीच्या आईला तितक्याच आदराने सांगावे, की पोट चोळून वेढा सुटत नाही, उलट जोराने चोळल्यास वार सुटून रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

पाचवे, प्रसूती कोठे व्हावी ते त्याच दिवशी ठरवावे. वेढ्यासाठी सिझेरियन ठरवू नये, पण कळांच्या काळात ठोक्यांवर लक्ष ठेवणारे आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया करू शकणारे ठिकाण निवडावे. आपल्या जिल्ह्याची भूरचना पाहता हा निर्णय कळा सुरू झाल्यावर घेता येत नाही. मोखाडा-जव्हारच्या डोंगरपट्ट्यातून खाली येण्यास लागणारा वेळ, पावसाळ्यातील ओढे आणि रात्री न मिळणारे वाहन यांचा हिशेब आधीच करावा लागतो. गर्भिणीसाठी १०२ आणि तातडीच्या प्रसंगी १०८ ही रुग्णवाहिका मिळते. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयातील प्रसूती, गरजेचे सिझेरियन आणि ने-आण निःशुल्क आहे. कंत्राटी कामगाराच्या कुटुंबाला हे ठाऊक असतेच असे नाही, ते आपण सांगावे.

अशी व्यवस्था झाल्यावर पुढे काय घडते? बहुधा असेच, की ३९ व्या आठवड्यात आपोआप कळा सुरू होतात. पहिल्या अवस्थेत दर १५ ते ३० मिनिटांनी आणि दुसऱ्या अवस्थेत दर ५ मिनिटांनी, कळ ओसरल्यानंतर मिनिटभर ठोके ऐकले जातात. अखेरीस एखाद्या कळेत ठोके शंभराखाली उतरतात आणि कळ संपताच पूर्ववत होतात. नाळ क्षणभर दबून सुटल्याचे हे लक्षण आहे. ठोके त्वरेने पूर्वपदावर येत असतील, तर कूस बदलून वाट पाहता येते. ठोके वारंवार खोल उतरू लागले, परत येण्यास वेळ लागू लागला किंवा कळ नसतानाही मंद राहिले, तर प्रसूतितज्ज्ञ त्वरित निर्णय घेतात. त्या वेळी सिझेरियन होते ते ठोक्यांसाठी, अहवालातील ओळीसाठी नव्हे.

डोके बाहेर आल्यावर प्रसूती करविणारी व्यक्ती बोटाने मानेभोवती चाचपते. वेढा सैल असल्यास तो डोक्यावरून अलगद काढता येतो किंवा खांद्यावरून सरकू दिला जातो. घट्ट असल्यास बाळाचे डोके मातेच्या मांडीलगत धरून शरीर कोलांटीसारखे बाहेर येऊ देतात आणि मग वेढा सोडवतात. खांदे बाहेर येण्याआधीच चिमटे लावून नाळ कापणे हा शेवटचा उपाय मानावा. कारण नाळ कापली आणि खांदे अडले, तर बाळाचा वारेतून होणारा पुरवठा बंद झालेला असतो आणि श्वासही सुरू झालेला नसतो. दुसरे कारण रक्ताचे आहे. घट्ट वेढ्यात पातळ भिंतीची नीला आधी दबते, रोहिण्या मात्र रक्त वारेकडे लोटीत राहतात. त्यामुळे बाळाचे काही रक्त वारेत अडकते. नाळ लगेच न कापता, बाळ रडत असेल तर एक ते तीन मिनिटे थांबल्यास ते रक्त बाळाकडे परतते.

घट्ट वेढ्याच्या बाळाचा चेहरा निळसर किंवा सुजलेला दिसतो, चेहऱ्यावर बारीक लाल ठिपके उमटतात. बाळ रडत असेल, अंगाचा रंग चांगला असेल, दूध ओढत असेल, तर ते थोड्या दिवसांत ओसरतात. पांढुरके पडलेले, सुस्त आणि जलद श्वास घेणारे बाळ मात्र रक्त कमी पडल्याची शंका घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे त्वरित द्यावे.

केव्हा थांबू नये

याच प्रसंगाचा दुसरा फाटा ध्यानात ठेवावा. समजा, हीच गर्भिणी ३८ व्या आठवड्यात येऊन म्हणाली, ‘कालपासून बाळ कमी फिरते आहे.’ आता आधीचा चांगला अहवाल उपयोगाचा नाही. ‘वेढा निरुपद्रवी असतो’ असे म्हणून तिला परत पाठविणे जेवढे चुकीचे, तेवढेच ‘वेढ्यामुळेच असेल’ असे म्हणून स्वस्थ बसणे चुकीचे. हालचाल कमी होणे हे स्वतंत्र लक्षण आहे. वेढा असो वा नसो, त्याच दिवशी, रात्र असली तरी, तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात तिला पाठवावे.

अहवालातच बाळाची वाढ मागे पडलेली, गर्भजल कमी किंवा डॉप्लर बिघडलेला असेल, तर वेढ्याचे महत्त्व वाढते, कारण नाळेचे संरक्षण मुळातच उणे झालेले असते. वेढे दोन-तीन असल्यास प्रसूतीच्या काळात ठोके उतरण्याची शक्यता अधिक असते, म्हणून देखरेख अधिक सावध हवी. एकाच पिशवीतील जुळी हा सर्वस्वी तज्ज्ञांचा विषय आहे.

आणखी एक गोष्ट. कंठवेढा आणि नाळ खाली सरकणे यांत गल्लत होऊ देऊ नये. पाणमोट फुटल्यावर योनिमार्गात किंवा बाहेर नाळेचा पदर दिसला, तर ती खरी आणीबाणी होय. नाळेला फार हात न लावता गर्भिणीला गुडघे आणि छाती टेकवून, कंबर वर अशा स्थितीत ठेवावे आणि एक क्षणही न दवडता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी न्यावे.

औषधाच्या गल्ल्यावर

औषधविक्रेत्यांनी एक गोष्ट निःसंकोच सांगावी : वेढा सोडविणारे औषध नाही. काढा नाही, तेल नाही, गुटी नाही, आणि गोळी अथवा इंजेक्शनही नाही. नवव्या महिन्यातील अनुवासन बस्ती आणि तैलाचा पिचू यांचे संहितोक्त प्रयोजन अपानवायूचे अनुलोमन आणि सुखप्रसव हे आहे. ते वैद्याच्या देखरेखीखाली करावयाचे उपचार आहेत, वेढ्यावरचे उपाय म्हणून ते विकले जाऊ नयेत.

‘लवकर सुटका व्हावी’ म्हणून एरंडेल मागणारे, किंवा कोणी सांगितले म्हणून कळा वाढविणारे इंजेक्शन वा गोळ्या मागणारे येतात. अशा वेळी ठाम नकार द्यावा. ऑक्सिटोसिन आणि मिझोप्रोस्टॉल घरी, देखरेखीविना दिल्यास कळा एकावर एक येतात, दोन कळांमधील विसावा नाहीसा होतो, आणि कळेत दबलेल्या नाळेला मोकळे होण्यास अवधीच उरत नाही. ज्या वेढ्याने एरवी काही झाले नसते, तोच अशा कळांत घातक ठरू शकतो.

अनावश्यक सिझेरियनची किंमत

वेढ्याच्या भीतीने केलेले सिझेरियन त्या दिवशी सुखरूप पार पडते आणि सर्वांना समाधान वाटते. त्याचा हिशेब पुढच्या खेपेस होतो. गर्भाशयावर व्रण असलेल्या स्त्रीची पुढची प्रसूती शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी लागते. वार खाली येण्याचा किंवा व्रणात रुतण्याचा संभव प्रत्येक सिझेरियनबरोबर वाढतो. कारखान्याचे कंत्राट संपल्यावर कुटुंब डोंगरातील पाड्यावर किंवा दूरच्या राज्यातील गावी परतते, आणि तेथे कळा सुरू झाल्या की हा व्रणच मोठा धोका ठरतो. खऱ्या गरजेसाठी ही किंमत मोजणे योग्यच आहे. अहवालातील एका ओळीसाठी ती मोजू नये.

तेव्हा अशी गर्भिणी समोर आली की वाढ, गर्भजल आणि डॉप्लर पाहावेत, हालचाल तिच्याच तोंडून ऐकावी, ठोके मोजावेत आणि प्रसूतीचे ठिकाण व वाहन त्याच भेटीत निश्चित करावे. हालचाल मंदावल्यास कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे आहे, हे गर्भिणीला आणि तिच्या पतीला दोघांनाही सांगून, त्यांच्याकडून एकदा वदवून घेऊनच त्यांना निरोप द्यावा.